भातुकलीला खरी बटणं

शेगड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला सर्दी परवडत नाही. पान्हा, ब्रश, बारीक तार ही त्याची दुसरी हत्यारं, पहिलं हत्यार नाक. या शेगडीवाल्याचं नाक तर चार गल्ल्यांत गाजलेलं. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की वर न बघता सांगायचा, "दुसरा मजला, डावं दार, नळी तडकलीय." आणि तडकलेली असायची. बायका म्हणायच्या, "मेल्याला देवानं कुत्र्याचं नाक दिलंय." तो नुसता हसायचा. ते नाक देवानं दिलेलं नव्हतं.

तो चार वर्षांचा आणि त्याची अक्का नऊची होती तेव्हाची गोष्ट. आई कामावर. घरात स्वयंपाकाला अक्का. नऊ वर्षांची पोरगी घर सांभाळते म्हणून शेजारपाजारचे कौतुक करायचे, 'किती गुणाची!' म्हणायचे. कौतुक करायला जातंय काय? ती गॅसची नळी किती वर्षांची झाली हे मात्र एकाही गुणग्राहकानं वाकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी अक्का स्वयंपाकघराच्या दारात थांबली, नाक वर करून म्हणाली, "वास कसला रे येतोय?" मग त्याला म्हणाली, "जा, बाहेर जाऊन बघ आई आली का." तो गेला. आई आली नव्हती. हे सांगायला तो वळला तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मोठा झाल्यावर त्यानं हाच धंदा धरला. लोक अशा जागेपासून लांब पळतात. हा रोज त्याच जागेच्या उरावर बसायला गेला. आणि तेव्हापासून त्याला वास यायचा. खरा यायचा तो वेगळा. हा नसलेला. बसमध्ये बसला असता यायचा, न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकली की यायचा, आंघोळीच्या पाण्याच्या वाफेत यायचा. कुजक्या कोबीसारखा, ओळखीचा. त्याच्या पाठोपाठ, अगदी कानाशी, कुणीतरी विचारायचं, 'वास कसला रे येतोय?' सुरुवातीला तो उठून शोधायचा. पुढे शिकला. दात आवळून बसून राहायचं, शंभर श्वास घ्यायचे, की जातो. बायकोला त्यानं यातलं अर्धंच सांगितलं होतं: एक बहीण होती, लहानपणी गेली.

बायको बालवाडीत बाई होती. आवाज खणखणीत, कुणाच्या बापाला न भिणारी. आणि लेक तीन वर्षांची. पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे तिला 'लुडबुड'च म्हणत. झाडू निघाला की ही त्याचं टोक धरणार. कपडे वाळत घालताना चिमटे हिच्याकडे. बापाच्या हत्यारांच्या पेटीतून ब्रश मागितला तर ही ब्रशच आणून देणार, पान्हा नाही. आणि आई स्वयंपाकघरात गेली रे गेली की ही मागोमाग. "मी करू? मी करू? थोडंसं करू?"

तिथे मात्र बाप आडवा. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराला वर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आतून आणि बाहेरून, कडी मारली होती. आत आई, कडी लावलेली, बाहेर पोर. दाराला गाल लावून उभी राहायची आणि फटीतून बोलायची, "आई, मटार आहेत ना? मटार मला येतात."

तिसरा वाढदिवस आला तसा वाद पेटला.

"तिला एक जाडसर पाट हवा, नायलॉनची सुरी हवी आणि कठडा असलेली उभं राहायची घोडी," बायको म्हणाली. "आमच्या बालवाडीतल्या पोरांकडे आहे तशी. त्या सुरीनं बोट कापत नाही हो, केळं कापतं."

"तीन वर्षांच्या पोरीच्या हातात सुरी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. तुमचं दाराच्या कडीवर टांगलंय."

"मी तिला भातुकली आणतो. मोठी. शेगडी, कपाट, नळ, सगळं. बाहेरच्या खोलीत मांडू. काय रांधायचं ते रांधू दे तिला."

"अहो, तिला खेळायचं असतं तेव्हा ती खेळते. तिच्याकडे बाहुली आहे, गाडी आहे. दाराशी उभी राहते तेव्हा तिला खेळायचं नसतं, तिला मदत करायची असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुकेल्याला झोपेची गोळी देऊन काय उपयोग?"

"दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो," तो म्हणाला.

"कुणाचं पोळलंय? कधी? सांगा ना एकदा."

तो गप्प झाला. घरातल्या भांडणात गप्प बसणारा हरतो असं नाही. बरेचदा तोच जिंकतो, कारण समोरच्याला भिंतीशी भांडायचा कंटाळा येतो. भातुकली आली.

लाकडी होती, पोरीच्या छातीइतकी उंच, पांढरी, सोबत एक लाकडी स्टूल. पण तिच्या शेगडीवर बटणांच्या जागी नुसती गोल चित्रं रंगवलेली. शेगडीवाल्याला ते बघवेना. सुताराला डगमगतं टेबल बघवत नाही, तसं. त्याच्या भंगाराच्या डब्यात जुन्या शेगड्यांची बटणं पडलेली होतीच. त्यानं दोन निवडली, घासली, मागे स्प्रिंग बसवली. खऱ्यासारखं झालं: आधी दाबायचं, मग डावीकडे फिरवायचं, कट् असा आवाज. नुसतं फिरवलं तर फिरत नाही. तासभर मांडी घालून त्यानं लेकीला शिकवलं. तिची बोटं इवलीशी, जोर पुरेना. तर त्यानं स्प्रिंग थोडी सैल केली. मग लागलं. कट्! पोरगी खुदकन हसली. बापाची छाती फुगली.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "खऱ्याहून खरी."

बायकोनं बटणांकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिला बालवाडीला उशीर होत होता.

काही दिवस मजेत गेले. लुडबुड प्लास्टिकचं अंडं तळायची, बापाला वाढायची, बाप मचमच आवाज काढून खायचा. मग एके दिवशी तिनं त्याचं तोंड धरलं, दोन्ही हातांनी, आणि आत बघितलं.

"तू नाही खाल्लंस."

"खाल्लं की! छान होतं."

"पोटात नाही गेलं," ती म्हणाली. आणि अंडं उचलून कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या कपाटात तिनं आपल्या चपला ठेवल्या. पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. बटणं मात्र येता-जाता फिरवायची, बोटांत जोर येईपर्यंत. दाब, वळव, कट्. दाब, वळव, कट्. बापाला तो आवाज आवडायचा.

मग तो शनिवार आला. बायको बालवाडीच्या बैठकीला गेलेली. घरात बाप आणि लेक. सकाळपासून शेगडीवाल्याला वास येत होता, तोच, नसलेला. कानाशी तोच प्रश्न. घरात पोरगी एकटी आपल्या भरवशावर, म्हणून त्याला राहवेना. त्यानं वाटीत साबणाचा फेस केला, ब्रश घेतला आणि स्वयंपाकघरात गेला. गळती तपासायची तर शेगडीची बटणं बंद ठेवून टाकीचा रेग्युलेटर चालू करावा लागतो. नळीत दाब असला तरच फुटक्या जागी फेसाला बुडबुडा धरतो. एरवी त्याच्या घरात काम झालं की रेग्युलेटर बंद, हा नियम होता. त्यानं रेग्युलेटर उघडला. नळीवर, सांध्यांवर, सगळीकडे फेस लावला, वाकून बघत राहिला. बुडबुडा नाही. एकही नाही.

"झालं," तो स्वतःलाच म्हणाला. "मूर्खा, तुझं नाकच खोटं बोलतंय."

स्वतःवर चिडून तो उठला. एका हातात वाटी, एका हातात ब्रश, पायानं दार लोटलं. वरची कडी राहिली. टाकी उघडीच राहिली. रोज दहा घरांत बायकांना 'टाकी बंद करा, टाकी बंद करा' म्हणून कानी-कपाळी ओरडणारा माणूस.

बाहेरच्या खोलीत एका खानावळीचा बर्नर साफ करायला घेऊन तो बसला. भोकांत तार घालायची, काजळी ओढायची. एकसुरी काम, मन शांत होतं. मागे कुठेतरी लाकूड सरकल्याचा आवाज झाला. मग कट्. त्याच्या मनानं तो आवाज ओळखला आणि आनंदानं बाजूला ठेवला. खेळतेय.

वास आला.

त्यानं तार थांबवली. आला, ओळखीचा, कुजक्या कोबीचा. 'वास कसला रे येतोय?' तो दात आवळून बसला. आत्ताच तर तपासलं. काही नाही तिथे. श्वास मोज. पहिला, दुसरा. आणि गंमत अशी की मोजता मोजता वास फिका होऊ लागला. त्याला वाटलं, बघ, जातोय. खरा गॅस असला तरी नाकाला थोड्याच वेळात सवय होते आणि वास कळेनासा होतो, हे तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचा. पण आपलं ज्ञान दुसऱ्याच्या घरात जेवढं चालतं तेवढं आपल्या घरात चालत नाही.

लुडबुड येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली.

"बाबा, तुला चहा ठेवलाय."

"अरे वा!"

"खरा. पोटात जाणारा." ती थोडं थांबली. मग तक्रारीच्या सुरात म्हणाली, "पण उकळतच नाहीये."

"तुझ्या शेगडीवर कसा उकळेल, वेडाबाई?"

"माझ्या नाही. आईच्या."

त्यानं तार टाकली. तो आत धावला. दार सताड उघडं. ओट्याला लावलेलं भातुकलीचं स्टूल. शेगडीवर तिचं प्लास्टिकचं भांडं, पाण्यानं भरलेलं. आणि बटण डावीकडे, पुरतं उघडं, आणि शेगडी नुसती सुस्कारे टाकत होती. ज्योत नव्हती. लायटर उंच खुंटीवर होता, म्हणून नव्हती. फक्त म्हणूनच.

पुढचं त्याच्या हातांनी केलं, त्यानं नाही. बटण बंद. टाकी बंद. खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. पंख्याच्या बटणाला हात लावला नाही, दिव्याच्याही नाही. ठिणगी तिथेही असते. पोरीला कडेवर घेतलं आणि जिना उतरून रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसला. लुडबुड हात ताणून रडत होती, "माझा चहा!"

बायको कोपऱ्यावरून येताना दिसली. तिनं या दोघांना पाहिलं नाही, सरळ जिन्याकडे वळली, वर जाऊन दारावरची बेल दाबणार. तो असा ओरडला की रस्त्यावरचा कुत्रा उठून उभा राहिला.

"बेलला हात लावू नकोस! इकडे ये! इकडे ये आधी!"

ती आली. त्याचा चेहरा बघून शेजारी टेकली. घरातली हवा खेळून निघेपर्यंत तिघं कट्ट्यावर बसून राहिली आणि तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यानं तिला उरलेलं अर्धं सांगितलं. अक्का, नळी, वास, तो प्रश्न. सगळं. शेवटी म्हणाला, "आत कुलूप घालतो. ती भातुकली फोडतो. आजपासून बाहेरून डबा आणू, पण घरात शेगडी नको."

तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बोलली, आणि तिचा आवाज खणखणीत नव्हता.

"कुलपं किती लावणार? शेजारणीकडे शेगडी आहे. माझ्या आईकडे आहे. तिला शेगडी उघडायला कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि उघडल्यावर काय होतं, ते?"

तो लेकीच्या इवल्या बोटांकडे बघू लागला.

"भातुकली वाईट नाही हो. खोट्या बटणांची असती तर पोर खेळली असती आणि विसरली असती. तुम्ही तिला खरी बटणं दिलीत आणि खरं काम दिलं नाहीत. मग तिनं काम शोधलं." तिचा आवाज आता चढला. "आणि ऐका. तुमची अक्का मदत करत होती म्हणून गेली नाही. नऊ वर्षांच्या पोरीवर सगळं घर टाकलं होतं आणि जवळ एकही मोठं माणूस नव्हतं, म्हणून गेली. मी लुडबुडीला एकटी सोडा म्हणत नाहीये. मी म्हणतेय, जवळ उभे राहा."

तो रडला. रस्त्यावर, भर दुपारी. समोरचा इस्त्रीवाला तोंड फिरवून इस्त्री करत राहिला; काही माणसांना एवढी रीत असते.

सोमवारी बायको त्याला बालवाडीत घेऊन गेली. तिथे एका बुटक्या टेबलाभोवती सहा पोरं उभी होती. प्रत्येकाच्या पुढे पाट, पाटाखाली ओला फडका, म्हणजे पाट सरकत नाही. केळी कापणं चाललं होतं. नायलॉनच्या सुऱ्यांना बोथट दाते. एका पोराच्या हातात वरून धरायचं नागमोडी पात्याचं कटर होतं. दोन्ही हात मुठीवर, म्हणजे पात्याखाली बोट जायला उरतंच नाही. काकडी आधी बाईनं उभी चिरून दिलेली, सपाट बाजू खाली, म्हणजे ती लोळत नाही. एक मदतनीस सारा वेळ हातभर अंतरावर, नजर हलवत नव्हती. कोपऱ्यात शेगडी. तिच्यापुढे फरशीवर लाल पट्टी चिकटवलेली.

शेगडीवाला सवयीनं सरळ शेगडीकडे निघाला.

"काका! रेघ!" एक नाक वाहणारी पोरगी सुरी खाली ठेवून ओरडली. मग पाच जण ओरडले, "रेघ! रेघ!"

आयुष्यात पहिल्यांदा शेगडीवाल्याला कुणीतरी शेगडीपासून मागे ओढलं होतं. तो जागच्या जागी थिजला. बायको मनापासून हसली. "त्यांना रेघेच्या आत परवानगी नाही. तुम्हाला आहे, पण त्यांना विचारूनच जा आता."

घरी आल्यावर त्यानं भातुकलीवरची बटणं काढली आणि त्या जागी गोल रंगवले, लाल. वाईट रंगवले. शेगडीच्या खऱ्या बटणांवर पोराच्या हाताला न फिरणारी टोपणं बसवली. ती त्याच्याच सामानात वर्षभर धूळ खात पडलेली होती. टाकीजवळच्या भिंतीवर त्यानं काही लिहिलं-बिहिलं नाही. फक्त बाहेर पडताना रेग्युलेटरला हात लावून मोठ्यानं "बंद" म्हणायची सवय लावून घेतली. ओट्यापुढे लाल पट्टी. शेगडीपासून लांब, खिडकीजवळ, तीन बाजूंनी कठड्याची घोडी. ती करायला त्याला आठवडा लागला, कारण दर वेळी तो तिच्यावर स्वतः उभा राहून हलवून बघायचा. बायको म्हणायची, "पोर चढणार आहे, हत्ती नाही."

पहिल्या दिवशी लुडबुड हात धुऊन घोडीवर चढली. पाट, ओला फडका, नायलॉनची सुरी. उकडून गार केलेला बटाटा. बाप तिच्या एका बाजूला, आई दुसऱ्या. शेगडी बंद, टाकी बंद. त्यानं दोनदा हात लावून पाहिलं होतं.

"ही बोटं अशी आत वळवायची," आई म्हणाली. "मांजराचा पंजा."

"म्याँव," लुडबुड म्हणाली आणि सुरी पुढे-मागे ओढू लागली.

आणि वास आला. नेहमीसारखा, कुजक्या कोबीचा, आणि त्यामागून तोच बारीक आवाज, इतका जवळ की त्याला मान वळवावीशी वाटली. दारात कुणीतरी नऊ वर्षांचं उभं आहे असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. श्वास मोजायचे नाहीत, हे त्यानं कट्ट्यावरच ठरवलं होतं. तो म्हणाला, "मला वास येतोय. तुम्हाला येतोय का?"

बायकोनं सावकाश, नीट, दोनदा हुंगलं. खाली वाकून फरशीजवळही हुंगलं, कारण तो गॅस खाली बसतो हे तिला आता ठाऊक होतं. "नाही," ती म्हणाली. थट्टा केली नाही.

लुडबुडीनंही सुरी खाली ठेवून नाक वर केलं. बराच विचार केला. "मला येतोय," ती म्हणाली. "बटाट्याचा."

दारातलं कुणी गेलं की नाही, ते त्यानं वळून पाहिलं नाही. गेलं नसेलही. असली माणसं एका बटाट्यानं जात नाहीत. पण त्यानं दाराकडे पाठ केली आणि लेकीच्या शेजारी हातभर अंतरावर उभा राहिला, तिच्या बोटांवर नजर ठेवून. तोंडात 'मागे हो' तयार होतं. ते त्यानं गिळलं. सुरी घसरली, तिच्या बोटाच्या पेराला लागली, त्याचा हात पुढे झेपावला. काही झालं नव्हतं. पेरावर दात्यांची पुसट नक्षी, बस्स. तिनं ती नक्षी बघितली, त्याला दाखवली आणि पुन्हा कापायला लागली.

बटाट्याचे तुकडे झाले. काही बोटभर, काही पार पीठ. तिनं वर मीठ टाकलं, जरा जास्तच. एक तुकडा उचलून तिनं बापाच्या तोंडात कोंबला आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून आत बघत राहिली.

त्यानं चावलं. मग गिळलं.

"गेलं?"

"गेलं."

"आता आईला," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.